प्रिंटरच्या पाठीवरची चिठ्ठी

हल्ली प्रिंटरचे काडतूस संपले की लोक त्याचा समोरून एक फोटो काढतात, दुकानदाराला मोबाईलवर पाठवतात आणि विचारतात, “याला कोणते लागेल?” समोरच्या फोटोवरून याचे खात्रीचे उत्तर देता येत नाही. ते का, हे फलटणमधल्या आमच्या मोहल्ल्यातल्या एका उदाहरणाने सांगतो.

शेजारच्या आपा घरी शिकवणी घेतात. त्यांच्या भावाने आखातातून येताना एक छोटा काळा लेझर प्रिंटर आणला होता. परीक्षा तोंडावर आल्या आणि छपाई फिकी पडू लागली. आपांनी दुकानात फोटो पाठवला. दुकानदाराने तो बघताच ८८ए क्रमांकाचे काडतूस काढून ठेवले. त्याचेही अगदी चुकले असे नाही, कारण आपल्याकडे तशा दिसणाऱ्या एचपी लेझरजेट पी ११०८ ला ८८एच लागते. पण पैसे देण्याआधी आपांनी आम्हाला विचारले. आम्ही म्हणालो, “आपा, प्रिंटरच्या मागच्या चिठ्ठीचा फोटो पाठवा.”

चिठ्ठीवर पी ११०२ होते. पी ११०२ आणि पी ११०८ दिसायला जुळ्या भावांसारखे. रंग, आकार, ट्रे, सगळे सारखे. पण पी ११०२ ला ८५ए लागते. खोक्यावर त्याचा पूर्ण क्रमांक सीई २८५ ए असा असतो, तर ८८ए चा सीसी ३८८ ए. पाकीट फोडल्यावर दुकानदार सहसा परत घेत नाही, म्हणून ही खात्री आधीच करायची.

त्यासाठी तीन फोटो पुरतात. पहिला समोरच्या नावाचा, जवळून आणि आकडे वाचता येतील असा. दुसरा मागच्या किंवा तळाच्या चिठ्ठीचा. तिसरा झाकण उघडून बाहेर काढलेल्या जुन्या काडतुसावरच्या कागदाचा. तिन्ही जुळले तर प्रश्न मिटला. न जुळल्यास प्रिंटरवरची चिठ्ठी खरी धरावी, कारण जुने काडतूस आधीच कोणीतरी बदललेले असू शकते. संगणकावर दिसणाऱ्या नावावरही विसंबू नये. ज्या नावाचा ड्रायव्हर टाकला असेल, तेच नाव तिथे दिसते.

आता नवे घ्यावे की जुने भरून घ्यावे? कंपनीचे ८५ए साधारण १६०० पाने देते, पण तो हिशेब पानाचा पाच टक्के भागच काळा होतो असे धरून केलेला असतो. आपांकडे चाळीस मुले. प्रत्येकाला आठवड्याला पाच पाने दिली तर दोनशे पाने होतात, म्हणजे काडतूस आठ आठवडे चालेल. पण लहान मुलांच्या उर्दू सरावाची ठळक, मोठी अक्षरे दहा टक्के जागा घेत असतील, तर चारच आठवडे. एवढी छपाई असेल तर दुसऱ्या कंपनीचे, त्याच क्रमांकासाठी बनवलेले काडतूस किंवा पावडर भरून घेणे परवडते.

भरून घेताना दुकानदाराला एक विचारावे, “वाया गेलेली पावडर काढणार ना?” कागदावर न चिकटलेली पावडर काडतुसातल्याच एका कप्प्यात साठत जाते. तो कप्पा रिकामा न करता नवी पावडर भरली, तर जुनी बाहेर सांडते आणि पाने मळकट येतात. दुसरी गोष्ट चिपची. ८५ए ला छोटी चिप असते. पावडर भरली तरी चिप जुनीच राहते, म्हणून छपाई चांगली येत असतानाही ‘टोनर संपत आला’ असा संदेश दिसत राहू शकतो. नव्या काडतुसाची घाई पान फिके पडू लागल्यावर करावी, संदेश पाहून नव्हे.

भरून आणल्यावर दुकानातच दोन-चार पाने काढून बघावीत. मधला उभा पट्टा फिका येत असेल तर काडतूस आडवे धरून हळूच पाच-सहा वेळा हलवावे. पावडर सारखी पसरते. पण एकच काळा ठिपका दर साडेसात सेंटिमीटरवर पुन्हा पुन्हा उमटत असेल, तर दोष पावडरचा नाही. काडतुसातल्या ड्रम नावाच्या नळीवर तिथे ओरखडा किंवा डाग आहे. ही नळी एक फेरा घेते तेवढ्यात कागद साडेसात सेंटिमीटर पुढे सरकतो, म्हणून अंतर दरवेळी तेच येते. असे काडतूस कितीही वेळा भरले तरी ठिपका जात नाही; ड्रम बदलावा, नाहीतर नवे काडतूस घ्यावे. हे अंतर मोजायला मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी पुरते.

आपांनी ८५ए चे दुसऱ्या कंपनीचे काडतूस घेतले आणि आमच्या सांगण्यावरून मागच्या चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये जपून ठेवला. पुढच्या वेळी त्यांना दुकानात तेवढाच दाखवायचा आहे.