मीटिंगच्या आधी आलेला 'विल'

'प्लीज लेट मी नो व्हेन विल द मीटिंग स्टार्ट' हे वाक्य आपल्याकडच्या कचेऱ्यांतून इतक्या सर्रास जातं, की ते ज्याला खटकतं तोच आता विक्षिप्त ठरतो. लिहिणाऱ्याला दहावीत इंग्रजीला चांगले गुण असतात. त्याची स्पेलिंगं चुकत नाहीत, काळ चुकत नाहीत. चुकतं ते एवढंच, की 'विल' मीटिंगच्या आधी येऊन बसतो. हवं होतं 'व्हेन द मीटिंग विल स्टार्ट'.

याचं खापर मराठीवर फोडायची रीत आहे आणि ती अर्धी बरोबरही आहे. मराठीत प्रश्न विचारण्यासाठी शब्दांना जागा सोडावी लागत नाही. 'मीटिंग कधी सुरू होणार?' या प्रश्नापुढे 'ते कळवा' जोडलं की काम झालं. आतला प्रश्न जसाच्या तसा राहतो. इंग्रजीत थेट प्रश्न विचारायचा तर सहायक क्रियापदाला कर्त्याच्या पुढे आणावं लागतं: 'व्हेन विल द मीटिंग स्टार्ट?' ही उचलाउचल फक्त थेट प्रश्नासाठी असते. तोच प्रश्न 'लेट मी नो', 'टेल मी', 'आय डोन्ट नो' यांच्या पोटात गेला, की त्याचा क्रम साध्या विधानासारखा होतो. आपण मात्र मराठीच्या सवयीने तयार प्रश्न उचलतो आणि अख्खा चिकटवून देतो.

उरलेलं अर्धं खापर शाळेचं. हा नियम शिकवला गेला नव्हता असं नाही. तो 'डायरेक्ट-इनडायरेक्ट'च्या धड्यात शिकवला गेला, आणि तिथेच त्याचा घात झाला. त्या धड्यात 'सेड टू'चं 'आस्क्ड' करायचं असतं, 'विल'चं 'वुड', 'टुमारो'चं 'द नेक्स्ट डे', शिवाय अवतरणचिन्हं पुसायची असतात. या गर्दीत शब्दांचा क्रम बदलणं ही अनेक कामांपैकी एक बारीकशी गोष्ट होऊन जाते. मुलं ती बिनचूक करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. कचेरीतल्या ईमेलमध्ये ना अवतरणचिन्हं, ना 'सेड टू'. तिथे तोच नियम लागू होतो हे ओळखायचं कशावरून? माझं स्पष्ट मत आहे, की हा नियम त्या धड्यातून बाहेर काढून पत्रलेखनात शिकवावा, कारण माणसाला आयुष्यभर तो तिथेच लागतो.

एक नमुना घेऊ. समजा कोणी लिहिलं: 'प्लीज लेट मी नो व्हेन विल द मीटिंग स्टार्ट, व्हेअर इज इट बीइंग हेल्ड, डू आय नीड टू ब्रिंग द फाइल अँड हू विल टेक द मिनिट्स?' यात चार चौकश्या आहेत आणि सगळ्यांचं औषध एकच नाही. पहिल्या दोन सोप्या: 'व्हेन द मीटिंग विल स्टार्ट', 'व्हेअर इट इज बीइंग हेल्ड'. प्रश्नार्थक शब्दानंतर आधी कर्ता, मग क्रियापद. तिसरीत प्रश्नार्थक शब्दच नाही. तिचं उत्तर हो किंवा नाही असं येतं. तिथे 'डू' काढून 'वेदर' आणायचा: 'वेदर आय नीड टू ब्रिंग द फाइल'. चौथीला हातही लावायचा नाही, कारण 'हू' स्वतःच कर्ता आहे आणि तो आधीच पहिल्या जागी बसलेला आहे. माणसाचा गोंधळ वाढवते ती ही चौथीच. 'टेल मी हू इज कमिंग' बरोबर, मग 'टेल मी व्हेअर इज ही' का चूक, असं त्याला वाटणारच.

शेवटचं प्रश्नचिन्हही जायला हवं. बाहेरचं वाक्य विनंतीचं आहे, त्याला पूर्णविराम. 'कुड यू टेल मी' अशी सुरुवात असती तर बाहेरचं वाक्यच प्रश्न झालं असतं आणि चिन्ह राहिलं असतं. ईमेल वाचताना 'लेट मी नो'च्या शेवटी प्रश्नचिन्ह दिसलं की मी आपोआप मागे जाऊन क्रम तपासतो. बहुतेकदा चूक सापडते.

सगळ्यात जास्त तंगड्या अडकतात त्या 'डू', 'डज', 'डिड' यांच्यात. 'व्हाय डिड ही लीव्ह?' हा प्रश्न पोटात गेला की 'डिड' नाहीसा होतो आणि त्याने उचललेला भूतकाळ क्रियापदाला परत मिळतो: 'आय डोन्ट नो व्हाय ही लेफ्ट'. अर्धवट दुरुस्ती करणारे 'व्हाय डिड ही लेफ्ट' लिहितात, म्हणजे भूतकाळ दोनदा. तसंच 'हाऊ डज इट वर्क्स'. 'डज' गेला तरच 'वर्क्स'ला तो 'स' लावायचा अधिकार.

समजतं ना, मग एवढा काथ्याकूट कशाला, असं कोणी म्हणेल. समजतं हे खरंच. आयर्लंडच्या बोलीत 'आय आस्क्ड हिम वॉज ही कमिंग' असंच म्हणतात, आणि जेम्स जॉइसच्या 'डब्लिनर्स'मध्ये (1914) ही रचना सापडते. त्यांच्यामागेही त्यांची जुनी आयरिश भाषा उभी आहे. तिथेही आतला प्रश्न प्रश्नच राहतो. भाषाशास्त्रज्ञ राकेश भट्ट यांनी तर भारतीय इंग्रजीच्या बोलीरूपाबद्दल दाखवलंय, की आपण थेट प्रश्नात क्रम बदलत नाही ('व्हेन यू विल कम?') आणि आतल्या प्रश्नात बदलतो, म्हणजे बरोबर उलटं. तेव्हा बोलताना कोणी असं म्हणालं तर हसण्याचं कारण नाही. नोकरीच्या अर्जात मात्र वाचणारा आयर्लंडचा विचार करत बसत नाही.

एका ठिकाणी मी नियम ताणत नाही. 'प्लीज टेल मी व्हॉट इज द प्रोसीजर फॉर गेटिंग अ डुप्लिकेट मार्कशीट' हे नियमात बसवायचं तर 'इज' पार मार्कशीटच्या पलीकडे जाऊन लटकतो. इतका लांब कर्ता असला की जन्मजात इंग्रजी बोलणारेही 'व्हॉट इज' तसंच ठेवतात. लिहिताना 'प्लीज टेल मी द प्रोसीजर' म्हणावं आणि सुटावं. हाच धागा पकडून सगळीकडे पळवाट काढता येते: 'लेट मी नो द टाइम ऑफ द मीटिंग'. नाहीतर दोन वाक्यं करावीत, 'व्हेन विल द मीटिंग स्टार्ट? प्लीज लेट मी नो.' तिथे 'विल' पुढे असणंच बरोबर.

राहता राहिलं 'तुम्हाला काय वाटतं, मीटिंग कधी सुरू होईल?' याचं आपण 'डू यू थिंक व्हेन विल द मीटिंग स्टार्ट' करतो. इथे नुसता 'विल' सरकवून भागत नाही. 'डू यू थिंक व्हेन' हीच जोडी इंग्रजीत जमत नाही. परीक्षा सोपी आहे. 'डू यू नो व्हेन द मीटिंग विल स्टार्ट?' याला 'हो' एवढं उत्तर चालतं, म्हणून 'व्हेन' आत राहतो. वाटण्याच्या प्रश्नाला 'हो' म्हणून भागत नाही, वेळ सांगावी लागते. म्हणून 'व्हेन' थेट दारात येतो: 'व्हेन डू यू थिंक द मीटिंग विल स्टार्ट?' उलटापालट होते ती 'डू यू'ची, आणि 'विल' मीटिंगच्या मागेच राहतो.