सुक्या बोंबलाचे डोके

कचरा वर्गीकरणावरचे पथनाट्य बहुधा 'ओला' या शब्दावरच आपटते. बोईसरच्या नाक्यावर डफली वाजली की जमतात कोण? सातपाटीची मासळीवाली, पाड्यावरून मजुरीला आलेली वारली बाई, गुजराती दुकानदार आणि तारापूर एमआयडीसीतली पाळी संपवून खोलीवर निघालेला गोरखपूरचा कामगार. या शेवटच्या गृहस्थाच्या भाषेत 'ओला' म्हणजे आभाळातून पडणारी गार, फार तर मोबाइलवरून बोलवायची टॅक्सी. संहितालेखक मग 'ओला'च्या जागी 'गीला' घालतो आणि प्रश्न सुटला असे समजतो.

खरा घोटाळा पुढेच आहे. सुक्या बोंबलाचे डोके कुठल्या डब्यात टाकायचे? नाव सुके, अंग सुके, पण जायचे ओल्यात. दुधाची पिशवी थेंब गाळत उभी, आणि तिची जागा सुक्यात. २०१६च्या घनकचरा नियमांना ओलेपणाशी देणेघेणे नव्हते, वस्तू कुजते की नाही हे ते विचारत. कुजणे म्हणजे काय, हे मासळीवालीला नाटकवाल्यांनी शिकवायला नको. हिंदीत 'सड़नेवाला' म्हटले की कामगारालाही कळते. पण फलकांवर ओला-सुका छापून झाले आहे, आता बोंबलानेच समजून घ्यावे.

खरे तर याच बोंबलावर अख्खा प्रवेश उभा राहतो. दोन डबे, दोन पात्रे. एकाने बोंबील प्रेक्षकाच्या हातात द्यावा आणि मराठीत विचारावे, कुठे टाकू? दुसऱ्याने हिंदीत चुकीचे उत्तर ठोकून द्यावे. गर्दीत दोन तट पडतात, आणि एकच भाषा येणाऱ्यालाही भांडण कशावरून आहे ते कळते. प्रत्येक वाक्य दोनदा, दोन भाषांत म्हणणारी संहिता मात्र दहा मिनिटांची वीस होते. तोवर पुढे उभा असलेला माणूस लोकल पकडायला गेलेला असतो आणि त्याच्या जागी आलेल्याला मागचे काही ठाऊक नसते. म्हणून प्रवेश तीन मिनिटांचा हवा आणि आपल्यातच पुरा व्हायला हवा. भाषण घुसवायला जागा उरत नाही, ही त्यातली आणखी एक सोय.

राहिला मागच्या रांगेतला माणूस. तो हमखास ओरडतो, 'आम्ही वेगळा करतो, गाडीवाला एकत्रच ओततो!' अशा वेळी डफली जोरात वाजवायची प्रथा आहे. त्यापेक्षा हे वाक्य संहितेतच लिहावे आणि एका पात्राला गर्दीत उभे करून त्याच्या तोंडी द्यावे. घंटागाडीत मधे पत्रा आहे का, आणि असला तर दोन्ही कप्पे शेवटी एकाच ढिगावर रिकामे होतात का, तेही त्यानेच विचारावे. उत्तर मात्र लेखकाने लिहू नये. बोईसरला सरपंच, पालघरला मुख्याधिकारी, कुणीतरी पुढच्या खुर्चीवर बसलेले असतेच. सगळ्या पात्रांनी तिकडे वळून गप्प उभे राहावे.