लग्नाआधी भावाचं नाव लावलंय? पीएफला ते चालत नाही

रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीतला एखादा कामगार लग्नाआधी पीएफला भावाचं नाव लावतो, पुढे बदलायचं राहून जातं. नोकरीत असतानाच तो गेला, तर भाऊ म्हणतो, नॉमिनी मीच. पण पीएफच्या नियमात भाऊ कुटुंबात येत नाही आणि लग्न होताच ते नॉमिनेशन रद्द ठरतं. मग पैसे बायको, अज्ञान मुलं आणि अवलंबून आई-वडील यांच्यात समान वाटले जातात.

ईडीएलआय विम्याचे पैसेही त्यांनाच. समजा, मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १५ हजार आणि पीएफची वर्षाची सरासरी शिल्लक ३ लाख. पगाराच्या ३५ पट सव्वापाच लाख, अधिक निम्मी शिल्लक दीड लाख, असे पावणेसात लाख होतात. हप्ता मालकच भरतो.

म्हणून लग्न झालं की ई-नॉमिनेशन नव्याने करावं लागतं.