बांगड्यांचा सेट विकताय? मग एक सेट कमी बनवा!

काचेच्या बांगड्यांचा धंदा सुरू करणारे बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात, "सर, तयार सेट घेऊ की सुट्ट्या डझनाने घेऊ?" माझं मत स्पष्ट आहे. सुट्ट्या घ्या, सेट स्वतः बनवा आणि माल पुरत असला तरी एक सेट कमीच बनवा. का, ते सांगतो.

पहिल्या वर्षी मी सोनेरी काठाच्या हिरव्या, राणी आणि पिवळ्या पारदर्शक बांगड्यांचे सेट बनवले होते. आलेला सगळा माल सेटमध्ये घातला. आठवड्याने एक ताई आल्या, "दादा, दोन हिरव्या वाढवल्या, तेवढ्या द्या." माझ्याकडे सुटी एकही नव्हती. त्याच व्यापाऱ्याकडून तोच हिरवा परत मागवला, तर तो थोडा निळसर निघाला. एकटी बांगडी बघितली तर कळत नव्हतं. पण जुन्यांच्या मध्ये घालून उजेडात धरली की लगेच वेगळी दिसायची. ताईंनी घेतली नाही, आणि परत दुकानातही आल्या नाहीत.

यात व्यापाऱ्याने फसवलं असं नाही. आपल्याकडचा बहुतेक माल उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादहून येतो. तिथे काच भट्टीत वितळवून रंग देतात. रंगाचं मिश्रण किंवा भट्टीची आच थोडी बदलली की छटा बदलते. म्हणून खोक्यावर "हिरवा" लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. एक रंग एकाच लॉटमधून घ्या.

आता हिशोब बघा. समजा एका सेटमध्ये 24 बांगड्या आहेत, म्हणजे हाताला 12: हिरव्या 6, राणी 4, पिवळ्या 2. तुम्ही 12 डझन हिरव्या, 8 डझन राणी आणि 4 डझन पिवळ्या घेतल्या. एकूण 24 डझन, म्हणजे बरोबर 12 सेट. भाव डझनाला 30 रुपये धरला तर माल 720 रुपयांचा, आणि सेट पडला 60 रुपयांना. तुम्ही 11 च सेट बनवलेत तर सेट पडतो साधारण साडेपासष्ट रुपयांना. पण हातात 12 हिरव्या, 8 राणी आणि 4 पिवळ्या सुट्ट्या उरतात, त्याच लॉटच्या. सेटमागे साडेपाच रुपये जास्त, आणि त्यात गिऱ्हाईक परत येतं. मला तरी हा सौदा स्वस्त वाटतो. मात्र हा हिशोब एका मापाचा आहे. 2-4 म्हणजे आतला व्यास सव्वादोन इंच, 2-8 म्हणजे अडीच. 2-4 ची सुटी बांगडी 2-8 च्या सेटला चालत नाही. म्हणून सुरुवातीला दोनच मापं ठेवा, पण प्रत्येकाच्या सुट्ट्या वेगळ्या ठेवा.

माल घेताना दुकानातल्या दिव्याखाली निवडू नका, दारात या. एका रंगाच्या डझनभर बांगड्या एकावर एक रचून दिवसाच्या उजेडात आडव्या धरा. वेगळ्या छटेची बांगडी लगेच डोळ्यात भरते. मग एकेक बांगडी सपाट काचेवर ठेवा. डुगडुगली तर ती वाकडी आहे, सेटमध्ये फट पाडणार. सांध्यावरून बोट फिरवा, टोचली तर बाजूला काढा.

सोनेरी काठ तर नक्की तपासा. दोन रंगांमध्ये तीच रेघ असते, ती गेली की रंग एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. सोनं लावून भट्टीत भाजलेलं असेल तर चांगलं टिकतं, नुसता रंग फासलेला असेल तर घामाने आणि साबणाने सुटतो. नमुन्याची एक बांगडी साबणाच्या ओल्या फडक्याने वीस-पंचवीस वेळा घासा. फडक्याला सोनेरी लागलं तर तो माल रोजच्या वापराचा म्हणून विकू नका. सेट बांधतानाही बांगड्या खुळखुळू देऊ नका, काठ एकमेकांवर घासतात.

शेवटचं. पारदर्शक बांगडी मागून उजेड आला की झळकते, पण हातात घातली की मागे त्वचा येते आणि तोच रंग गडद दिसतो. मांडणी उजेडासमोर जरूर करा, पण पैसे घेण्याआधी ताईंना दोन बांगड्या हातात घालून दारात बघू द्या. "दुकानात रंग वेगळा दिसत होता" ही तक्रार तिथेच मिटते.

तर पहिला माल आणलात की एक सेट कमी बांधा, आणि उरलेल्या बांगड्यांच्या डबीवर लॉटची तारीख आणि माप लिहून ठेवा.