तर्कदोष शोधण्याआधी

'ध्वनिमुद्रित भाषण ऐका व त्यातील पाच तर्कदोष ओळखा.' चिकित्सक विचाराच्या वर्गातील या ठरावीक प्रश्नाला आमचा विरोध आहे. दोष आहेतच, आणि ते पाच आहेत, हे प्रश्नकर्त्याने आधीच ठरवलेले असते. जे तपासायचे तेच गृहीत धरणारा हा प्रश्न स्वतःच सदोष आहे.

चाकणचे उदाहरण घेऊ. औद्योगिक वसाहतीसाठी तेथील शेतजमिनी संपादित झाल्या. समजा, भाषणातला वक्ता म्हणतो, 'जमिनी आमच्या गेल्या, म्हणून नोकरीवर पहिला हक्क आमचा.' आवाज चढतो, टाळ्या पडतात. विद्यार्थी लिहितो, 'भावनेला आवाहन'. पण टाळ्या वगळून वाक्य कागदावर उतरवले, की त्यात एक विधान अध्याहृत असल्याचे दिसते: ज्याची उपजीविका प्रकल्पाने नेली, त्याला ती प्रकल्पानेच परत द्यावी. हे विधान वादग्रस्त असेल, पण तो तर्कदोष नव्हे. पुढे तोच वक्ता म्हणतो, 'परप्रांतीय आले आणि आपली पोरे बेकार झाली.' येथे मात्र केवळ क्रमालाच कारण मानले आहे. बाहेरची माणसे आली आणि स्थानिकांनाही काम मिळाले, असे एकच गाव दाखवले तरी हा हेतू ढासळतो. न्यायशास्त्र त्याला सव्यभिचार म्हणते.

म्हणून आधी विचारावे: दावा कोणता? आधार कोणता? न बोललेले विधान कोणते? ते मानल्यास निष्कर्ष निघतो का? 'दोष नाही' या उत्तराला जेथे गुण नाहीत, तेथे विद्यार्थी ऐकण्याआधीच शोधू लागतो.