ठराव उरतो, कारण हरवते

काही वर्षांपूर्वी एका वसतिगृहाच्या प्रवेश समितीवर आम्ही होतो. दिवाळी उलटली होती. ऊसतोडीस निघालेले एक कुटुंब आपल्या सातवीतील मुलीस घेऊन आले. जागा रिकाम्या होत्या. परंतु लिपिकाने जुने ठरावपुस्तक पुढे ठेवले. त्यात एवढेच होते : ‘ठराव क्र. ७. वर्षाच्या मध्यात नवे प्रवेश देऊ नयेत. सर्वानुमते मंजूर.’ खाली सूचक व अनुमोदक यांच्या सह्या. आम्हीही त्या ओळीपुढे मान तुकविली आणि मुलगी आईबापांबरोबर फडावर गेली.

पुढे त्या सभेस उपस्थित असलेले एक वृद्ध सदस्य भेटले, तेव्हा खरी हकीकत कळली. त्या वर्षी विहीर आटली होती, टँकर एक दिवसाआड येत होता आणि बंदी केवळ त्या उन्हाळ्यापुरती होती. इतकेच नव्हे, तर ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी चार जागा राखाव्यात, असे सांगून त्यांनी स्वतः ठरावास विरोध केला होता. ‘सर्वानुमते’ या एका शब्दाने तो विरोध पुसला गेला. नळ आले, कारण संपले; ठराव मात्र उरला.

आमचे मत असे की, तीच नोंद पुढीलप्रमाणे असती, तर ती मुलगी परत गेली नसती :

‘विहीर आटल्याने एक दिवसाआड येणाऱ्या टँकरवर साठाहून अधिक मुलांची सोय होत नाही. दुसरा टँकर विकत घेण्याचा पर्याय विचारात घेतला. निधीअभावी तो सोडला. सबब ३१ मेपर्यंत नवे प्रवेश देऊ नयेत. उपस्थित ९, अनुकूल ७, प्रतिकूल १, तटस्थ १. प्रतिकूल सदस्यांचे म्हणणे : ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी चार जागा राखाव्यात. पाण्याची सोय होताच अधीक्षकांनी हा विषय समितीपुढे पुन्हा ठेवावा.’

या सात वाक्यांत निर्णय एकाच वाक्याचा आहे. उरलेली वाक्ये पुढील वाचकासाठी आहेत. सोडून दिलेला पर्याय लिहिला की पुढची समिती त्याच वादात पुन्हा शिरत नाही. मुदत व कारण लिहिले की निर्णय केव्हा निरर्थक झाला, हे कोणालाही ओळखता येते. सभेतील प्रत्येक शब्द टिपण्याची गरज नाही. रागाच्या भरात कोण काय बोलले, ते गाळलेलेच बरे. विरोधाचे कारण मात्र गाळू नये.

संमती कोणाची, हा प्रश्न आपल्या परंपरेस नवा नाही. भिक्खू संघात आधी ज्ञप्ती, म्हणजे प्रस्ताव, मांडला जाई आणि महत्त्वाच्या कर्मात तो तीनदा घोषित होई. असहमत असेल त्याने बोलावे, मौन म्हणजे संमती, हे आधीच सांगितले जाई. आजारी भिक्खूची संमती दुसऱ्यामार्फत कळवली जाई. तिला ‘छन्द’ म्हणत. संघाच्या या सभाशिस्तीचे स्मरण बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात करून दिले होते. आपल्या समित्यांत मात्र गैरहजर सदस्याची सही सभेनंतर घेतली जाते व तो ‘उपस्थित’ ठरतो. ही संमती नव्हे. गैरहजर तो गैरहजरच लिहावा. त्याचे पत्र आले असल्यास तसे नोंदवावे.

चूक कशी दुरुस्त करावी, हेही ठरलेले हवे. पुढील सभेत इतिवृत्त ‘कायम’ करणे म्हणजे नोंद बरोबर आहे, एवढेच मान्य करणे. निर्णय बदलण्याची ती जागा नव्हे. नोंदीत चूक असल्यास मूळ शब्द वाचता येईल अशी एक रेघ ओढून शेजारी अध्यक्षांनी सही करावी. चिठ्ठी चिकटवू नये. निर्णयच बदलायचा असल्यास नवा ठराव करावा, त्यात जुन्याचा क्रमांक द्यावा आणि जुन्या ठरावाच्या समासात ‘ठराव क्र. अमुकने रद्द’ असे लिहावे.

महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. तरीही त्या पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यावर जावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव रद्द केला. ठराव आपोआप पाणी पाजत नाही, हे महाडने शिकविले. म्हणूनच अंमल कोणी करावयाचा, ते नोंदीतच हवे. दुसरेही एक शिकविले. दार उघडणाऱ्यांना आणि ते पुन्हा लावणाऱ्यांना, दोघांनाही ठराव करावा लागला, म्हणून दोघांचा हिशेब आज मांडता येतो.

त्या मुलीच्या बाबतीत असा हिशेब मांडता येत नाही. तिला परत पाठविल्याची नोंद त्या दिवशी आम्हीही केली नव्हती.