ओके सरांची पलटण

कपाशीला बोंडं धरायला लागली की आमच्या आर्णी तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप हमखास येतो: कामगंध सापळे रोज सकाळी पाहा, एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा त्याहून जास्त पतंग सापडले तर आकडा टाका. निरोप कामाचा, टाकणारा माणूसही कामाचा. आणि त्याच्याखाली काय उगवतं? ओके सर. ओके. जी सर. ओके साहेब. धन्यवाद सर. हात जोडलेले. अंगठा. ओके ओके. ज्याने सापळा लावलाच नाही त्याचा ओके सगळ्यांत आधी, कारण त्याला शेतात जाऊन मोजायचं नसतं.

या पलटणीत मधेच कुणीतरी लिहिलेलं असतं: १२, १०, ११. सर नाही, धन्यवाद नाही. जे विचारलं तेवढंच सांगणारा ग्रुपमधला हा एकटा शहाणा. त्याच्या वर वीसेक ओके, खाली वीसेक ओके. निरोप टाकणाऱ्याने रात्री फोन उघडला तर त्याला तो दिसेल का? दिसत नाही. मी दोन हंगाम बघतो आहे. त्या आकड्यावर उत्तर येतं ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तेही आकडा टाकणाऱ्याने फोन करून विचारलं तर.

तीन दिवस म्हणजे काय, हे ज्यांनी २०१७ पाहिलं त्यांना सांगायला नको. त्या साली गुलाबी बोंडअळीने जिल्ह्यातली कपाशी खाल्ली आणि फवारणीच्या विषाने माणसं. या अळीचा घात असा की ती बाहेर दिसतच नाही. पतंग अंडी घालतो, काही दिवसांत अळी निघते आणि निघाल्याबरोबर पात्यात, फुलात, बोंडात शिरते. शिरलेलं भोक बुजून जातं. वरून बोंड हिरवंगार, आत सरकी पोखरणं चालू. फुलाची डोमकळी झालेली दिसली तर समजायचं की आत पाहुणा बसला आहे. एकदा ती आत गेली की औषध बोंडाच्या सालीवर पडतं आणि पैसा मातीत जातो. म्हणजे जे काय करायचं ते पतंग उडत असताना आणि अळी बाहेर असताना. सापळ्यातल्या आठ पतंगांचा आकडा ही त्यासाठीचीच घंटा आहे. आम्ही त्या घंटेवर ओके सरांच्या गोधड्या टाकून ठेवल्या आहेत.

हिशेब मांडू. समजा ग्रुपमध्ये दोनशे माणसं आहेत आणि त्यातले पन्नास जण ओके लिहितात. प्रत्येक ओके बाकीच्या १९९ फोनांवर जातो. पन्नास गुणिले १९९ म्हणजे ९,९५० वेळा कुणाच्या तरी खिशात फोन थरथरला, एका निरोपापायी. फोनच्या पडद्यावर नावासकट आठ-दहा ओके मावतात, म्हणजे मूळ निरोप पाच-सहा पडदे वर गेला. जो माणूस दिवसभर वावरात होता आणि रात्री नऊला फोन उघडतो, त्याला दिसतात फक्त ओके. कशाला ओके, ते शोधायला त्याला वर चढत जावं लागतं. तो चढत नाही. तोही ओके लिहितो आणि झोपतो. हे मी गमतीने लिहीत नाही. निरोप न वाचता ओके म्हणणाऱ्यांची नावं घेतली तर अर्धा ग्रुप माझ्या दारात येईल.

बरं, हा ओके कुणासाठी? साहेबाला कळावं म्हणून, असं सगळे सांगतात. साहेबाला ते आधीच कळलेलं असतं. व्हॉट्सॲपवर आपण वाचल्याची खूण एकमेकांच्या खासगी गप्पांत बंद करता येते, ग्रुपमध्ये ती बंद होत नाही. निरोप टाकणाऱ्याने आपल्याच निरोपावर बोट दाबून धरलं आणि माहिती उघडली की कुणी वाचलं, कुणापर्यंत नुसता पोचला, सगळी यादी वेळेसकट समोर येते. म्हणजे पोच मिळालेलीच असते. तरी ओके लागतो. कारण तो पोच नव्हेच, तो मुजरा आहे. साहेब बोलले आणि आपण गप्प राहिलो असं दिसू नये, शेजाऱ्याने लिहिलं आणि आपलं नाव राहिलं असं होऊ नये.

आणि मुजरा घेणारेही काही कमी नाहीत. "सर्वांनी ओके लिहावे" असं खाली लिहिणारे कितीतरी. मग त्या ओकेंचा स्क्रीनशॉट काढून वरच्या ग्रुपवर जातो: निरोप शेतकऱ्यांपर्यंत पोचवला, पुरावा सोबत. तिथला वरचा साहेब लिहितो, गुड. त्याच्याखाली पुन्हा चाळीस थँक्यू सर. अशी ही उतरंड. सापळ्यात किती पतंग पडले हा आकडा या उतरंडीत कुठल्याच मजल्यावर चढत नाही. चढतो तो ओके.

यावर उपाय फोनमध्येच पडून आहे, आणि तो काही कालचा नाही. २०२२च्या मे महिन्यात व्हॉट्सॲपने प्रतिक्रिया सुरू केल्या. निरोपावर बोट दाबून धरायचं, सहा चिन्हांची ओळ येते: अंगठा, लाल हृदय, हसू, आश्चर्य, रडू, जोडलेले हात. एकाला टिचकी मारायची, झालं. त्याच साली जुलैपासून ओळीच्या टोकाच्या अधिक चिन्हातून हवं ते चिन्ह घेता येतं. ही प्रतिक्रिया निरोपाच्या खालच्या कडेला चिकटते. नवी ओळ उगवत नाही, निरोप वर सरकत नाही. आणि मुख्य म्हणजे फोन वाजतो तो फक्त ज्याचा निरोप आहे त्याचा. बाकीच्या १९८ जणांना त्रास शून्य. ज्याला तेवढाही आवाज नको, त्याने सेटिंगमध्ये जाऊन प्रतिक्रियांची सूचना बंद करावी.

पण नुसता अंगठा लावा म्हणून सांगितलं तर आपण ओकेची गर्दी काढून अंगठ्यांची गर्दी भरली. तिचा त्रास नाही, पण उपयोगही अर्धाच. खरी सोय पुढे आहे. एका माणसाला एका निरोपावर एकच प्रतिक्रिया देता येते, दुसरी दिली की पहिली जाते. आणि खालच्या चिन्हांवर टिचकी मारली की कुणी कोणतं चिन्ह दिलं याची यादी उघडते, चिन्हानुसार वेगळी पाहता येते. हे ध्यानात घेऊन निरोप असा लिहायचा:

"आज सकाळी सापळे पाहा. एका सापळ्यात आठच्या आत पतंग असतील तर 👍. आठ किंवा जास्त असतील तर 😮. सापळा लावलेला नाही तर 🙏. लिहून उत्तर देऊ नका."

दुसऱ्या दिवशीही हेच, तिसऱ्या दिवशीही हेच. तिसऱ्या रात्री निरोप टाकणाऱ्याने तीनही निरोपांवरची 😮ची यादी उघडायची आणि तिन्हीकडे असलेली नावं टिपायची. दोनशे माणसांतून पाच-सात नावं निघतील. फोन फक्त त्यांना करायचा: आकडा नेमका किती, शेत कुठल्या शिवारात, डोमकळ्या दिसतात का, वीसेक हिरवी बोंडं फोडून पाहिली का. ही नावं एकाच शिवाराची निघाली तर तिथल्या बाकीच्यांनाही सांगायचं. आणि 🙏 देणारे किती निघाले, तेही पाहायचं, म्हणजे ओके सरांची पलटण नेमकी कुठून येत होती ते कळेल.

आमच्या चौकात चहावर हे सांगितलं तर एक काका म्हणाले, "मले का समजते बाप्पा ते दाबून धरनं? मी आपला ओके लिहितो." समजतं. हेच काका नातवाचा फोटो दाबून धरून चाळीस जणांना पाठवतात. बोट तेच, दाबणं तेच. शिकवायला मिनिट लागतं, तेही शेजारी बसून. ग्रुपवर व्हिडिओ टाकून नाही, नाहीतर त्याच्याखाली पुन्हा ओके येतील. दुसऱ्याने विचारलं, "पन साहेबाले वाईट वाटन ना?" वाटू द्या. साहेबाच्या वावरात पऱ्हाटी नाही.

एक मात्र मान्य. काही ठिकाणी चिन्ह चालत नाही. कुणाच्या घरी माणूस गेल्याची बातमी येते आणि त्यावर कुणी सवयीने अंगठा लावतो, तेव्हा त्या अंगठ्यापेक्षा गप्प बसणं बरं. तिथे दोन शब्द लिहायचे असतील तर त्या घरच्या माणसाला खासगीत लिहा, आणि जमलं तर तेराव्याच्या आत जाऊन या. ज्याला काही विचारायचं आहे त्यानेही चिन्हावर भागवू नये. "औषध कोणतं, किती पाण्यात, किती वाजता मारू" हा प्रश्न लिहूनच आला पाहिजे, आणि मूळ निरोपाला जोडून उत्तर द्यायची सोय वापरून आला पाहिजे, म्हणजे कशाबद्दलचा प्रश्न ते कळतं.

म्हणूनच वैतागून ग्रुपला कुलूप लावणाऱ्यांशी माझं भांडण आहे. फक्त ॲडमिनने लिहायचं, ही सोय २०१८पासून आहे आणि आमच्याकडे ती फार लाडकी झाली आहे. कुलूप लावलेल्या ग्रुपवरही प्रतिक्रिया देता येतात, त्यामुळे नुसते निरोप द्यायचे असतील तर हरकत नाही. पण शेतकऱ्याचा प्रश्न त्याच कुलपाआड मरतो. ओके बंद करायला गेले आणि १२, १०, ११ लिहिणारा तेवढा बंद झाला. निरोपाचा ग्रुप कुलूपबंद आणि प्रश्नांचा उघडा, असे दोन ठेवा, किंवा एकच उघडा ठेवा आणि महत्त्वाचा निरोप पिन करा, चोवीस तास, सात दिवस किंवा तीस दिवस तो वर चिकटून राहतो. कपाशीला सात दिवस पुरतात.

वाढदिवसाच्या थँक्यूंचं तर बोलूच नका. एकाचा वाढदिवस, शंभर शुभेच्छा, आणि हा भाऊ प्रत्येकाला वेगळा थँक्यू लिहीत बसतो, "थँक्यू दादा", "थँक्यू काका", "थँक्यू वहिनी". सापळ्याचा निरोप सकाळी सहाला आला होता, तो कधीच खाली गाडला गेला. शुभेच्छांवर एकेक हृदय लावून पाहा ना राजेहो. देणाऱ्याला तेवढं कळतं, दुसऱ्याच्या खिशात फोन वाजत नाही.

या हंगामात मी आमच्या ग्रुपच्या ॲडमिनला वरचा तीन चिन्हांचा निरोप जशाच्या तसा पाठवला आहे. उत्तर आलं: ओके भाऊ, थँक्स.